पुनावळ्याचा फ्लॅट की रीटची युनिटं?

*नमस्कार ताई. मी नाशिकची, वय ६१, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. पेन्शन ४६ हजार येते. यजमानांचं दुकान आता बंद केलंय. आमच्याकडे ७५ लाख आहेत, शिवाय अडीअडचणीला म्हणून दहा लाखांच्या ठेवी वेगळ्या. महिन्याला वीस-बावीस हजार जास्तीचे मिळावेत एवढीच अपेक्षा. यजमानांच्या पुतण्यानं पुण्यात पुनावळ्याला टू बीएचके फ्लॅट बघून ठेवलाय. तयार आहे, ६८ लाख, भाडं २२ हजार. पुतण्याचा स्वतःचा फ्लॅट नऊ वर्षांपूर्वी ४५ लाखांचा होता, आज ७० ला जातो म्हणे. बंगळुरूचा मुलगा म्हणतो, फ्लॅटच्या भानगडीत पडू नका, रीट घ्या, म्हणजे ऑफिस-मॉलच्या मालकीचे छोटे तुकडे, सहा टक्के घरबसल्या मिळतात. यजमान म्हणतात, कागदावरचं भाडं कशाला, दार उघडून बघता येईल असं काहीतरी घेऊ. बँकेतले साहेब वेगळंच काही सुचवतात, दहा लाखांत ऑफिसचा हिस्सा. काय करावं? – एक निवृत्त शिक्षिका*

बाई, त्या २२ हजारांतले तुमच्या हातात साधारण साडेतेरा हजार पडतील. हा आकडा कुठून आला ते आधी मांडते, मग मुलाच्या सहा टक्क्यांकडे येते. त्या सहा टक्क्यांतही थोडी गोम आहे.

फ्लॅट ६८ लाखांचा, पण तुम्हाला तो ६८ ला पडणार नाही. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार धरून सात टक्के आहे. खरेदी एकट्या तुमच्या नावावर केलीत तर महिला म्हणून एक टक्का सूट मिळते, म्हणजे ४ लाख ८ हजार भरावे लागतील. यजमानांचं नाव जोडलंत की ही सूट गेली आणि आकडा पावणेपाच लाखांच्या वर. नोंदणी फी ३० हजार. एजंटला एक टक्का म्हटलं तरी ६८ हजार. भाडेकरू मिळायचा तर आजकाल किचन ट्रॉली, कपाटं, गीझर, पंखे, खिडक्यांना जाळी, बाल्कनीला ग्रिल हे सगळं लागतं. त्याला अडीच लाख काही जास्त नाहीत. बेरीज साडेपंचाहत्तर लाख. म्हणजे तुमचे ७५ लाख संपले आणि पन्नासएक हजारांसाठी त्या वेगळ्या ठेवींना हात लागला.

आता भाडं. वर्षाचे २ लाख ६४ हजार. करार अकरा महिन्यांचा असतो. भाडेकरू मुलं नोकरी बदलतात, लग्न करतात, कंपनीजवळ राहायला जातात. सरासरी वर्षातून एक महिना फ्लॅट रिकामा राहील असं धरा, म्हणजे २२ हजार गेले. एजंट सांगतो ते भाडं बहुतेक वेळा मेंटेनन्ससकट असतं, हे त्याला मुद्दाम विचारून घ्या. महिन्याला तीन हजार मेंटेनन्स आणि त्यावर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क मिळून वर्षाचे ३८ हजार. हे शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा २००१ चा सरकारी आदेश आहे. पण काही सोसायट्या पूर्ण मेंटेनन्सवर दहा टक्के लावतात. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी हे त्यात मोजायचे नसतात. बिल हातात आलं की तेवढं तपासा. मिळकत कर १४ हजार. नवा भाडेकरू आणणाऱ्या एजंटचे वर्षाला सरासरी ११ हजार. रंग, नळ, गळती आणि कराराची नोंदणी मिळून १७ हजार. हे सगळं वजा केल्यावर १ लाख ६२ हजार उरतात, महिन्याला साडेतेरा हजार. साडेपंचाहत्तर लाखांवर हे २.१ टक्क्यांच्या आसपास येतं. यातले माझे एक-दोन आकडे इकडेतिकडे होतील. मेंटेनन्स भाडेकरूनं वेगळा द्यायचं ठरलं तर अडीच टक्क्यांवर जाल. तीन टक्के गाठणं मात्र अवघड आहे.

पुतण्याचं उदाहरण खोटं नाही, पण अर्धं आहे. ४५ चे ७० व्हायला नऊ वर्षं लागली, म्हणजे वर्षाला पाच टक्के वाढ. त्यानंही शुल्क, नोंदणी, फर्निचर भरलंच असणार. ते दहा टक्के धरले तर त्याची खरी किंमत साडेएकोणपन्नास लाख होते आणि वाढ चार टक्क्यांच्या खाली येते. त्यात तो स्वतः तिथे राहतो, त्याचं भाडं वाचतं. त्याच्यासाठी तो सौदा चांगलाच होता. तुमच्यासाठी दोन टक्के भाडं आणि चार-पाच टक्के किंमतवाढ, असं एकूण सहा-सात टक्क्यांचं गणित आहे. त्यातली किंमतवाढ फ्लॅट विकेपर्यंत हातात येत नाही. आणि तुम्हाला तर महिन्याला पैसे हवेत.

हे सगळं घडायचं तुमच्यापासून दोनशे किलोमीटरवर. रात्री वरच्या मजल्यावरून पाणी गळतंय म्हणून फोन आला की धावायचं कोणी? पुतण्यानंच. एकदा, दोनदा तो आनंदानं करेल. भाडेकरू वेळेवर जातो तोवर ठीक. पण मुदत संपली आणि तो हललाच नाही, तर तुम्ही कुलूप बदलू शकत नाही, वीज तोडू शकत नाही. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं घरमालकावर बंधनकारक आहे. तो नोंदवलेला असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर रिकामं करून घेता येतं, आणि मुदत संपल्यापासून दुप्पट भाडं मागता येतं. कायदा घरमालकाच्या बाजूचा आहे, पण तारखा लागतात आणि त्यांना कोणीतरी हजर राहावं लागतं. 'ओळखीचा मुलगा आहे, नोटरी पुरे' असं एजंट म्हणाला तर अजिबात ऐकू नका. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरूनं सांगितलेल्या अटी खऱ्या मानल्या जातात.

आता मुलाच्या रीटकडे. सेबीनं याचे नियम २०१४ मध्ये केले आणि पहिलं रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आलं. हा एक ट्रस्ट असतो. मोठमोठी ऑफिस पार्कं किंवा मॉल त्याच्या मालकीचे असतात आणि त्या मालकीचे तुकडे, म्हणजे युनिटं, शेअरसारखी विकत मिळतात. पूर्वी किमान गुंतवणूक मोठी होती, २०२१ पासून एक युनिटही घेता येतं. यजमानांना सांगा, दार उघडून बघायचंच असेल तर तेही जमेल. येरवड्याचं कॉमरझोन माइंडस्पेसच्या रीटमध्ये आहे, औंधचा वेस्टएंड मॉल नेक्सस सिलेक्टमध्ये, हिंजवडीचं टेकझोन एम्बसीमध्ये. नव्या मुंबईला गेलात तर सीवूड्सचा मॉलही नेक्ससचाच.

नियमानं रीटची किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि भाडं देणारी असावी लागते. वाटण्याजोग्या रोख रकमेतला किमान ९० टक्के भाग युनिटधारकांना द्यावा लागतो. बहुतेक रीट दर तीन महिन्यांनी देतात. तुमच्या फ्लॅटच्या हिशेबात मी जे वजा करत बसले, रिकामा काळ, देखभाल, कर, दलाली, ते इथे आधीच वजा होऊन उरलेलं वाटलं जातं. म्हणून सहा टक्क्यांची तुलना एजंटच्या २२ हजारांशी करायची नाही, साडेतेरा हजारांशी करायची.

मग गोम कुठे? एक काल्पनिक उदाहरण घेते. युनिट ४०० रुपयांना आहे आणि वर्षभरात २४ रुपये मिळाले, म्हणजे सहा टक्के. पण तिमाहीच्या वाटपपत्रात या २४ रुपयांचे तुकडे दाखवलेले असतात. समजा ८ रुपये लाभांश, ४ रुपये व्याज आणि १२ रुपये 'कर्जाची परतफेड'. हे तिसरं काय? इमारती थेट रीटच्या नावावर क्वचितच असतात. प्रत्येक पार्कची एक वेगळी कंपनी असते आणि रीटनं तिला कर्ज दिलेलं असतं. भाडेकरू कंपनीकडून आलेलं भाडं ही छोटी कंपनी वर पाठवते तेव्हा काही पैसे व्याज म्हणून जातात, काही लाभांश म्हणून, आणि काही मूळ कर्ज फेडलं म्हणून. पैसा मूळ भाड्याचाच आहे. आयकर खातं मात्र शेवटच्या तुकड्याला तुमचं स्वतःचं भांडवल परत आलं असं मानतं. म्हणून त्यावर त्या वर्षी कर लागत नाही, पण तुमची खरेदी किंमत ४०० वरून ३८८ होते आणि युनिट विकताना नफा तेवढा जास्त निघतो. अशी परतफेड साठत साठत युनिटच्या मूळ विक्री किमतीपलीकडे गेली की पुढची रक्कम तुमच्या उत्पन्नात धरायची, अशी तरतूद २०२३ च्या अर्थसंकल्पानं केली. आणि ही मोजणी युनिट पहिल्यांदा विकलं गेलं तेव्हापासून होते, तुम्ही ते कधी घेतलंत यावरून नाही.

कराखेरीजही या तुकड्याकडे डोळसपणे बघायला हवं. इमारत जुनी होते. लिफ्ट, एसी, काचा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात. वाटपाच्या रकमेतून इमारतीचा घसारा वजा केलेला नसतो. मोठ्या कामांचा, नव्या इमारतींचा खर्च रीट बहुतेक वेळा कर्ज काढून करतात, त्यामुळे वाटपाला धक्का बसत नाही आणि सहा टक्के छान दिसत राहतात. कर्जावर मर्यादा आहे: मालमत्तेच्या मूल्याच्या ४९ टक्क्यांच्या आत, आणि २५ च्या वर जायचं तर पतमानांकन आणि युनिटधारकांची संमती लागते. तरी कर्जाचं प्रमाण दरवर्षी चढतंय आणि युनिटमागे वाटप मात्र जागच्या जागी आहे असं दिसलं, तर समजा की नव्या भाड्यातला बराच भाग व्याजातच जातोय.

एक गोष्ट पुतण्यालाही आणि मुलालाही सुचलेली दिसत नाही. पुनावळ्याचा फ्लॅट घेणारा भाडेकरू कोण? हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा. हिंजवडीच्या पार्कचा भाडेकरू कोण? त्या मुलाची कंपनी. दोन्ही उत्पन्नं एकाच झाडाची फळं आहेत, फक्त ती वेगवेगळ्या वेळी गळतात. २०२० मध्ये हे उघड दिसलं. घरून काम सुरू झालं तशी मुलं बाडबिस्तरा बांधून लातूर, जळगाव, नागपूरला गेली. अकरा महिन्यांच्या करारात ती एक महिन्याची नोटीस देऊन मोकळी झाली. त्या पट्ट्यातले फ्लॅट महिनोन् महिने रिकामे राहिले आणि घरमालक हजार-दोन हजार कमी करून गिऱ्हाईक शोधत होते. त्याच वेळी ऑफिसांत माणसं नव्हती, तरी कंपन्या भाडं भरत होत्या. त्यांचे करार अनेक वर्षांचे, वर लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीआधी जागा सोडता येत नाही. एम्बसीच्या रीटनं त्या काळातही ९९ टक्क्यांच्या आसपास भाडं वसूल केलं.

पण रीटचं दुखणं नंतर बाहेर पडलं. मुदती संपल्या तशा कंपन्यांनी जागा परत केल्या. आयटी सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं, तिथे नव्यानं येणाऱ्या कंपन्यांना मिळणारी आयकर सवलत २०२० मध्ये संपली होती, त्यामुळे सेझमधल्या मोकळ्या जागेला नवं गिऱ्हाईक मिळेना. हिंजवडीचं एम्बसी क्वाड्रॉन कित्येक तिमाह्या निम्म्याच्या आसपासच भरलेलं होतं. सेझ इमारतीतला एखादा मजला सेझबाहेर काढायची मुभा सरकारनं दिली ती २०२३ च्या डिसेंबरात. रीट वाचलं ते त्याची पार्कं बंगळुरू, मुंबई, नोएडातही होती म्हणून. तुमचा फ्लॅट मात्र एकच आहे. तो एकतर भरलेला असतो किंवा रिकामा.

आणि भाव? एम्बसीचं युनिट २०१९ मध्ये ३०० रुपयांना दिलं गेलं. २०२० च्या सुरुवातीला ते ४०० च्या बरंच वर होतं आणि २०२३ मध्ये पुन्हा ३०० च्या आसपास आलं. मधल्या चार वर्षांत वर्षाला २१ ते २४ रुपये वाटप झालं, म्हणजे पहिल्या गुंतवणूकदाराला ऐंशी-नव्वद रुपये मिळाले, भावात मात्र काही नाही. ज्यानं ४०० च्या वर घेतलं तो कित्येक वर्षं कागदावर तोट्यात होता. पुढे ऑफिसांना मागणी आली, भाव सावरले. पुन्हा तसं होणार नाही असं मी म्हणणार नाही. व्याजदर वाढले की रीटचे भाव पडतात, कारण लोक म्हणतात, ठेवीवर सात मिळत असताना इथे सहासाठी कशाला थांबायचं? फ्लॅटचा भावही पडतोच, फक्त तो रोज मोबाइलवर दिसत नाही. यजमानांचा स्वभाव लक्षात घेता हा फरक लहान नाही. सकाळी उठून भाव बघणार असाल आणि दोन महिने घसरण दिसल्यावर विकून टाकणार असाल, तर रीट तुमच्यासाठी नाही.

रीटची खरी सोय आहे ती तुकड्यातुकड्यानं विकण्याची. उद्या गुडघ्याच्या ऑपरेशनला चार लाख लागले तर चार लाखांची युनिटं दोन दिवसांत मोकळी होतात. फ्लॅटची एक खोली तेवढी विकता येत नाही. आख्खा फ्लॅट विकायला सहा महिने लागले तर लवकर विकला म्हणायचं.

कराचा प्रश्न तुमच्या बाबतीत जवळजवळ नाहीच, आणि म्हणूनच लोकांनी सांगितलेल्या कर वाचवायच्या युक्त्यांवर निर्णय घेऊ नका. फ्लॅटच्या भाड्यातून मिळकत कर आणि उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. रीटच्या वाटपातला एक भाग करमुक्त असतो. ३० टक्क्यांच्या पट्ट्यातल्या माणसाला याचं फार महत्त्व आहे. तुमचं पेन्शन वर्षाला साडेपाच लाख. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. भाडं घ्या नाहीतर वाटप घ्या, तुम्ही त्या रेषेच्या आतच राहता. फक्त युनिट किंवा फ्लॅट विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्याला ही सूट नसते. त्यावर १२.५ टक्के वेगळा हिशेब असतो. युनिटं वर्षभर ठेवली की नफा दीर्घकालीन, आणि इतर शेअरांसकट वर्षाला सव्वा लाखांपर्यंत माफ. फ्लॅटला त्यासाठी दोन वर्षं लागतात.

मी काय करेन? सगळ्यात आधी ७५ मधले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात किंवा बँकेत. एका व्यक्तीची मर्यादा तेवढीच आहे. एप्रिल २०२३ पासून तिथे ८.२ टक्के मिळत आलेत. दर तिमाहीला सरकार जाहीर करतं, म्हणून भरण्याआधी चौकशी करा, पण भरलेल्या दिवशीचा दर पाच वर्षं पक्का राहतो. ८.२ नं तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. तुमची गरज इथेच भागली, आणि ४५ लाख अजून हातात आहेत. हे ऐकून मुलगा आणि पुतण्या दोघंही हिरमुसतील, पण तुम्ही पत्र उत्पन्नासाठी लिहिलंत, इस्टेटीसाठी नाही.

या योजनेची उणीव एकच: पाच वर्षं रक्कम जशीच्या तशी राहते, आणि डाळ-तेल महाग होत जातं. त्यासाठी वाढणारं उत्पन्न हवं. ऑफिसच्या करारांत साधारण तीन वर्षांनी १५ टक्के, किंवा दरवर्षी पाच टक्के भाडेवाढ लिहिलेली असते. म्हणून १५ लाख रीटमध्ये घाला, त्याहून जास्त नको. सहा टक्क्यांनी महिन्याला साडेसात हजार होतात. उरलेले ३० लाख वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवींत ठेवा, दरवर्षी एखादी मोकळी होईल अशा बेतानं. हे सगळं उत्पन्न पेन्शनमध्ये मिळवलं तरी १२ लाखांच्या आत राहतं.

फ्लॅट मी कधी घ्या म्हटलं असतं? मुलगा दोन-चार वर्षांत पुण्यात येऊन त्यात राहणार असता तर. किंवा तुम्ही पस्तिशीत असता, कर्ज काढून घेता आला असता आणि वीस वर्षं हप्ते भरायची ताकद असती. कर्जावर मालमत्ता घेता येणं हा फ्लॅटचा मोठा फायदा आहे, रीटसाठी बँक घरासारखं वीस वर्षांचं कर्ज देत नाही. पण एकसष्टाव्या वर्षी तो फायदा तुमच्या उपयोगाचा नाही. नाशिकमध्येच, गंगापूर रोडला, तुम्ही चालत जाऊन बघू शकाल असा लहान फ्लॅट मिळाला तर त्रास कमी होईल, पण टक्केवारी फारशी बदलणार नाही.

बँकेतल्या साहेबांच्या 'दहा लाखांत ऑफिसचा हिस्सा' याला नाही म्हणा. ती योजना सेबीच्या २०२४ च्या लघु-मध्यम रीटच्या नियमांत असेल, तर किमान दहा लाखांचं युनिट असतं आणि बहुधा एकदोन इमारतींवरच सगळा डोलारा असतो. तो एक भाडेकरू गेला की झालं. आणि विकायचं ठरवलं तर दहा लाखांना घेणारा दुसरा माणूस शोधावा लागतो. त्या नियमांतही नसेल तर बोलणंच वाढवू नका.

रीट घ्यायचं तर डीमॅट खातं लागेल. खातं तुमच्याच नावे उघडा आणि नॉमिनी म्हणून मुलगा-मुलगी जे कोणी असतील त्यांची टक्केवारी लिहून टाका. पुढेमागे युनिटं वाटून घेणं सोपं जातं, दोन भावंडांत एक फ्लॅट वाटायला बसण्यापेक्षा कितीतरी सोपं. १५ लाख एकदम घालू नका. वर्षभरात महिन्याला सव्वा लाख, दोन रीटमध्ये विभागून, एक ऑफिसचं आणि एक मॉलचं, म्हणजे सगळं आयटीवर अवलंबून राहणार नाही. वाटपाची रेकॉर्ड तारीख, म्हणजे ज्या दिवशी युनिटं नावावर असली की ते वाटप मिळतं ती, जवळ आली म्हणून घाई करू नका. ती उलटली की भाव साधारण वाटपाएवढा उतरतो.

दर तिमाहीला निकाल येतो तेव्हा मुलाला तीनच गोष्टी तुमच्या वहीत लिहून द्यायला सांगा: जागा किती टक्के भरलेली आहे, येत्या दोन वर्षांत किती टक्के जागेचे करार संपतात, आणि मालमत्तेच्या तुलनेत कर्ज किती. भरलेली जागा सलग तीन-चार तिमाह्या घसरत असेल आणि त्याच वेळी कर्ज चढत असेल, तर नवी खरेदी थांबवा. वाटप कमी व्हायला त्यानंतर वेळ लागतो, तेवढी उसंत तुम्हाला मिळते.

आणि पहिल्या वर्षी घाबरू नका: रीट व्याजाच्या तुकड्यातून १० टक्के कर कापूनच पैसे पाठवतं. तुम्हाला कर लागू नसला तरी कापतं. ते पैसे विवरणपत्र भरल्यावर परत येतात, म्हणून पेन्शनवर कर नाही, विवरणपत्र कशाला, असं म्हणून ते टाळू नका. रीटकडून वर्षाअखेरीस वाटपाचं पत्रक येतं. त्यात तुकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. ते पत्रक दरवर्षीचं एकाच फायलीत ठेवा. दहा वर्षांनी युनिटं विकताना खरेदी किंमत किती उरली हे त्याच कागदांवरून काढावं लागेल, आणि तेव्हा कोणालाही ते आठवणार नाही.